पुराचे मराठी-हिंदी बातमीपत्र: आधी नोंद, मग भाषा

प्रश्न: मी एका प्रादेशिक वाहिनीत बुलेटिन लिहितो. पावसाळ्यात आम्हाला पूर आणि मदतकार्यावर मराठी व हिंदी अशी दोन बातमीपत्रे लागोपाठ द्यावी लागतात. गावांची नावे दोन्हींत वेगळी येतात, मृतांचा आकडा जुळत नाही आणि अधिकाऱ्यांचे म्हणणे भाषांतरात बदलते. मराठी स्क्रिप्ट आधी लिहून तिचे हिंदी करावे, की उलट?

उत्तर:

दोन्हींपैकी काहीही करू नये, असे माझे मत आहे. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही अडचणी भाषांतराच्या वाटतात, पण त्यांचे मूळ भाषांतराच्या आधीच्या टप्प्यात आहे. एक स्क्रिप्ट दुसरीवरून तयार केली की पहिलीत राहिलेली संदिग्धता दुसरीत पक्की होते. मराठी वाक्यात ‘पुरातील बळींची संख्या’ असे मोघम लिहिलेले असले, तर मराठी प्रेक्षक संदर्भाने काहीतरी अर्थ लावून घेतो; हिंदी लिहिणारा मात्र त्यातला एकच अर्थ निवडतो आणि तो चुकीचा असू शकतो. म्हणून आधी एक सामाईक नोंद करावी आणि दोन्ही भाषांच्या स्क्रिप्ट त्या नोंदीवरून स्वतंत्रपणे लिहाव्यात. टिकर, ग्राफिक्स आणि पडद्यावर झळकणारी नावेही त्याच नोंदीतून जावीत.

ही नोंद म्हणजे प्रत्येक माहितीसाठी एक ओळ. त्या ओळीत माहिती काय आहे, ती कोणत्या कार्यालयाने दिली, किती वाजता दिली, ती कोणत्या भूभागाची आहे आणि कोणत्या तारखेपासूनची आहे, एवढे असावे. गावाचे नाव असेल तर तालुका, जिल्हा आणि दोन्ही भाषांतले लेखन त्याच ओळीत लिहावे. दोन्ही बातमीपत्रांमध्ये पाच मिनिटांचे अंतर असो की दोन तासांचे, एकच निवेदक असो की दोन, एवढी नोंद लागतेच. अंतर जास्त असेल तर वेळेचा रकाना अधिक काटेकोर ठेवावा लागतो आणि लिहिणारे दोघे असतील तर नोंदीत बदल करण्याचा अधिकार एकाकडेच ठेवावा लागतो, एवढाच परिस्थितीनुसार फरक पडतो.

आता गावांची नावे. ऑगस्ट २०१९ मधला कोल्हापूर-सांगलीचा महापूर घ्या. त्या पुरात शिरोळ, शिरोली आणि शिराळा ही तिन्ही नावे एकाच बुलेटिनमध्ये येण्यासारखी होती. शिरोळ हा कोल्हापूर जिल्ह्यातला तालुका आहे आणि तिथली कृष्णा-पंचगंगेकाठची अनेक गावे पाण्याने वेढली गेली होती. शिरोली, म्हणजे पुलाची शिरोली, हातकणंगले तालुक्यातली. पुणे-बेंगळूर महामार्ग पाण्यामुळे बंद झाला तो तिच्याजवळ. शिराळा हा सांगली जिल्ह्यातला तालुका. मराठी डेस्कवर बसलेल्या माणसाला यांतला फरक सांगावा लागत नाही. हिंदी डेस्कवर मात्र ही नावे बऱ्याचदा इंग्रजी वृत्तसंस्थेच्या मजकुरातून येतात. रोमन लिपीत ळ आणि ल यांत फरक राहत नाही, स्वर ऱ्हस्व की दीर्घ ते कळत नाही, आणि शिरोळची शिरोली व्हायला एका अक्षराचा फरक पुरतो. मग महामार्ग शिरोळला बंद होतो आणि बोटी शिरोलीला जातात. ज्याचे आई-वडील शिरोळ तालुक्यात आहेत आणि जो स्वतः इंदूर किंवा सुरतमध्ये बसून हिंदी बातमीपत्र बघतो आहे, त्याच्यासाठी ही साधी शुद्धलेखनाची चूक राहत नाही.

यासाठी माझा शिरस्ता असा आहे की महाराष्ट्रातल्या गावाचे हिंदी लेखन नेहमी मराठी लेखनावरून करायचे, रोमन लेखनावरून कधीही नाही. हिंदी निवेदकाच्या उच्चारात ळ सहसा नसतो, त्यामुळे हिंदी स्क्रिप्टमध्ये चिपळूणचे चिपलून, शिरोळचे शिरोल आणि वाळव्याचे वालवा लिहावे. ळ तसाच ठेवला तर प्रॉम्प्टरवर निवेदक अडखळतो आणि अडखळला की पुढचा आकडा चुकवतो. काही संपादक हिंदीतही ळ ठेवावा असे मानतात आणि निवेदकाला तो सहज उच्चारता येत असेल तर माझी हरकत नाही. पण एका वाहिनीने एकच पद्धत ठेवावी आणि ती पडद्यावरच्या नकाशापर्यंत पाळावी.

नावासोबत तालुका आणि जिल्हा जोडण्याचा नियम मराठीत सैल चालतो, हिंदीत चालत नाही. कोल्हापूरच्या बातमीत ‘चिखली पाण्याखाली’ असे म्हटले तर स्थानिक माणूस करवीर तालुक्यातली प्रयाग चिखली समजतो; बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचा किंवा पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीचा प्रेक्षक मात्र दचकतो. राज्यभर दिसणाऱ्या बातमीपत्रात ‘करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली’ असे पूर्ण लिहावे. हिंदीत आणखी एक पायरी वाढते. रायगडचे हिंदी रूप रायगढ़ होते आणि रायगढ़ नावाचा जिल्हा छत्तीसगडमध्येही आहे. म्हणून हिंदी स्क्रिप्टमध्ये पहिल्या उल्लेखात ‘महाराष्ट्र के रायगढ़ ज़िले में’ असे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. नृसिंहवाडीसारख्या गावाला लोक नरसोबाची वाडी किंवा नुसती वाडी म्हणतात; तिथे सरकारी नोंदीतले नाव नोंदीत ठेवावे आणि मराठी स्क्रिप्टमध्ये एकदा लोकांच्या तोंडचे नावही द्यावे, कारण जिल्ह्यातले प्रेक्षक त्याच नावाने गाव ओळखतात.

गावाच्या नावासारखीच काळजी पुराच्या पाण्याशी जोडलेल्या शब्दांचीही घ्यावी लागते. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात आणि तिथे याच पातळ्या ४० आणि ४५ फूट आहेत. राजाराम बंधारा पावसाळ्यात पाण्याखाली जातो ही त्या भागातली नेहमीची बातमी आहे. तो त्यासाठीच तसा बांधलेला असतो. हिंदीत त्याचे ‘राजाराम बांध डूबा’ असे झाले तर ऐकणाऱ्याला धरण बुडाले किंवा फुटले असे वाटते, कारण हिंदीत बांध म्हणजे धरण. तिथे ‘पंचगंगा पर बना राजाराम बंधारा पानी के नीचे चला गया है, जो भारी बारिश में अक्सर होता है’ असे लिहिणे भाग आहे. त्याचप्रमाणे ‘पूरबाधित’ हा मराठीत रुळलेला शब्द तसाच उचलू नये. हिंदीत बाधित म्हणजे अडथळा आलेला, खंडित झालेला. वीजपुरवठा बाधित होतो, माणसे प्रभावित होतात. पातळीचा आकडा देताना वेळ आणि चढ-उतार दोन्ही द्यावे. ‘सायंकाळी सहा वाजता पातळी ४४ फूट, दुपारपेक्षा सहा इंचांनी कमी’ या वाक्यातून लोकांना घरी परतायचे की निवारा केंद्रात राहायचे याचा अंदाज येतो. नुसत्या ‘धोका पातळी ओलांडली’ यातून तो येत नाही.

आकड्यांचा भाग सर्वांत जोखमीचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. मृतांच्या आकड्याबाबत दोन सूत्रांची माहिती जुळत नाही तेव्हा त्यांतले एक खोटे बोलत असते असे नाही. बहुतेक वेळा ते दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. २०१९ च्या पुरात पुण्याच्या विभागीय आयुक्त कार्यालयाकडून माहिती येत असे. पुणे महसूल विभागात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे आहेत. त्यामुळे विभागाचा मृतांचा आकडा ‘कोल्हापूर-सांगलीतील पुराचे बळी’ म्हणून वाचला की उरलेल्या तीन जिल्ह्यांतले मृत्यूही दोन जिल्ह्यांच्या नावावर जमा होतात. मंत्रालयातल्या नियंत्रण कक्षाचा आकडा आणखी वेगळा असतो: तो बहुधा १ जूनपासूनचा, संपूर्ण राज्याचा असतो आणि त्यात वीज पडून, भिंत कोसळून, ओढ्यात वाहून जाऊन झालेले मृत्यूही धरलेले असतात. तो आकडा चुकीचा नसतो, पण त्याला ‘या पुरातील बळी’ म्हणता येत नाही. म्हणूनच नोंदीत भूभाग आणि ‘कधीपासून’ हे दोन रकाने हवेत. ते भरलेले नसतील तर आकडा प्रॉम्प्टरवर जाऊ देऊ नये. फोन करून विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत आधीचा आकडा त्याच्या वेळेसह वाचावा.

दुसरा घोळ मृत आणि बेपत्ता यांच्यात होतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावी लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत नऊ मृतदेह हाती लागल्याचे होते आणि पुढच्या काळात संख्या वाढली. अशा प्रसंगी बोटीत नेमके किती जण होते याची कागदावर नोंद नसते, आणि ‘तीसेक जण होते’ असे प्रत्यक्षदर्शी सांगतो तेव्हा पोहून निघालेले, दुसऱ्या बोटीने उचललेले आणि सापडत नसलेले असे सगळे त्या अंदाजात मिसळलेले असतात. तीसातून वाचलेले वजा करून बेपत्तांचा आकडा काढणे हा डेस्कवरचा मोठा मोह असतो. तो टाळावा. हाती लागलेले मृतदेह, प्रशासनाने बेपत्ता म्हणून नोंदवलेली माणसे आणि प्रत्यक्षदर्शीचा अंदाज या तीन वेगळ्या ओळी आहेत आणि स्क्रिप्टमध्येही त्या वेगळ्याच राहाव्यात.

हे प्रत्यक्ष लिहिताना कसे दिसते ते तळियेच्या उदाहरणावरून सांगतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले तेव्हा ५३ मृतदेह मिळाले होते आणि ३१ जण बेपत्ता होते. त्यांना मृत घोषित करण्यात येणार होते. दोन्ही संख्यांची बेरीज ८४ होते. त्या संध्याकाळी एक वाहिनी ५३ म्हणाली आणि दुसरी ८४, तर दोन्ही आपापल्या जागी खऱ्या ठरतात, पण प्रेक्षकाला एका तासात एकतीस माणसे कमी-जास्त झाल्यासारखी वाटतात. त्या दिवशीची मराठी स्क्रिप्ट मी अशी लिहिली असती:

‘महाड तालुक्यातल्या तळिये इथले शोधकार्य आज थांबवण्यात आले. दरडीखालून आतापर्यंत त्रेपन्न मृतदेह बाहेर काढण्यात आले आहेत. एकतीस जण अजूनही सापडलेले नाहीत. त्यांना मृत घोषित करण्याची कार्यवाही केली जाईल, असे जिल्हा प्रशासनाने सांगितले.’

आणि हिंदी, मराठी वाक्यांकडे न बघता, त्याच नोंदीवरून:

‘महाराष्ट्र के रायगढ़ ज़िले की महाड तहसील के तलिये गाँव में आज तलाशी का काम रोक दिया गया। बाईस जुलाई को यहाँ पहाड़ी का हिस्सा ढह गया था। मलबे से अब तक तिरपन शव निकाले गए हैं और इकतीस लोगों का पता नहीं चला है। ज़िला प्रशासन का कहना है कि इन लापता लोगों को मृत घोषित किया जाएगा।’

हिंदीत तारीख आणि घटनेची आठवण वाढली, कारण तो प्रेक्षक चार दिवस ही बातमी सलग बघत असेलच असे नाही. मात्र त्रेपन्न, एकतीस आणि ‘घोषित केले जाईल’ यातला भविष्यकाळ या तीन गोष्टी दोन्हीकडे तशाच आहेत. चौऱ्याऐंशी हा आकडा मी कुठेच लिहिलेला नाही. घोषणा झाल्यावर, आणि ती कोणी केली हे सांगून, तो लिहिता येतो. गावाच्या नावाचे तळिये, तळीये, तळई असे अनेक प्रकार त्या आठवड्यात पडद्यावर दिसत होते. त्यातला एक निवडून नोंदीत बसवला असता तर पुढचे सगळे सोपे झाले असते. निवेदकाच्या प्रतीत आकडे अक्षरांत लिहिले आहेत तेही मुद्दाम. मराठीतला एकोणऐंशी हिंदीत उन्यासी आहे आणि हिंदीतला नवासी म्हणजे मराठीतला एकोणनव्वद. थेट प्रक्षेपणात अंकावरून शब्द शोधायला लावले की दोन्ही भाषा वाचणारा निवेदक हमखास घसरतो. नोंदीत आणि ग्राफिक्समध्ये मात्र अंकच ठेवावेत.

अधिकाऱ्यांच्या म्हणण्याबाबत माझा आग्रह क्रियापदांवर आहे. मदतीच्या बातमीत एकाच रकमेच्या चार अवस्था असतात: घोषणा झाली, शासन निर्णय निघाला, रक्कम मंजूर झाली, लोकांच्या हातात किंवा खात्यात पोचली. पत्रकार परिषदेत मंत्री बहुधा पहिल्या अवस्थेबद्दल बोलत असतात आणि ऐकणाऱ्याला चौथी ऐकू येते. २०१९ मध्ये पूरग्रस्त कुटुंबांसाठी ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपये जाहीर झाले होते. त्यातले ५ हजार रोख आणि उरलेले बँक खात्यात जमा होणार होते. या एका घोषणेत चार अटी आहेत आणि हिंदीत त्याचे ‘बाढ़ पीड़ितों को पंद्रह हज़ार की मदद’ असे झाले की चारही गळतात. मग निवारा केंद्रात बसलेला माणूस दहाच का मिळणार म्हणून तलाठ्याशी भांडतो, आणि त्याच्या हातात पाचच पडलेले असतात. एवढे सगळे एका दमात सांगता येत नसेल तर दोन वाक्ये करावीत, पण अट सोडू नये. तळियेच्या वेळी केंद्राने मृतांच्या वारसांना दोन लाख आणि राज्याने पाच लाख जाहीर केले होते. हे दोन वेगळ्या स्रोतांचे वेगळे निर्णय होते. त्यांची बेरीज करून ‘सात लाखांची मदत’ असे शीर्षक करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

संक्षेपांची एक अडचण इथेच येते. एसडीआरएफ म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलही आणि राज्य आपत्ती प्रतिसाद निधीही. ‘एसडीआरएफकडून मदत’ या वाक्यात जवान आले की पैसे आले, हे वाक्यावरून कळत नाही. हिंदीत अधिकृत नावात मोचन हा शब्द येतो: दलाला ‘राज्य आपदा मोचन बल’ आणि निधीला ‘राज्य आपदा मोचन निधि’. पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्यावे आणि नंतरच संक्षेप वापरावा.

मराठी बाइट हिंदी बातमीपत्रात वापरताना तिचा सारांश लिहिणाऱ्याने पूर्ण बाइट ऐकलीच पाहिजे. जिल्हाधिकारी म्हणतात, ‘पंचनामे पूर्ण झाले की आठवडाभरात रक्कम जमा करण्याचा आमचा प्रयत्न राहील.’ वेळ वाचवण्यासाठी बाइट ‘आठवडाभरात’ पासून सुरू केली की प्रयत्नाचे आश्वासन होते आणि पंचनाम्याची अट नाहीशी होते. कापायचेच असेल तर अट निवेदकाच्या तोंडी घालावी: ‘पंचनामे पूरे होने के बाद’ असे निवेदक म्हणेल आणि मग बाइट सुरू होईल. ‘दावा केला’ हे क्रियापद विरुद्ध बाजूची माहिती हाती असेल तेव्हाच वापरावे. ‘कबूल केले’ हे चूक मान्य करणाऱ्यासाठीच. बाकी सगळीकडे ‘सांगितले’ पुरते. ‘युद्धपातळीवर मदतकार्य सुरू’ हे प्रेस नोटमधले वाक्य दोन्ही भाषांत गाळावे आणि त्याच्या जागी किती बोटी, कोणत्या गावात, कोणत्या दलाच्या, हे विचारून लिहावे. ते कळत नसेल तर त्या जागी काहीच लिहू नये.

पुराचे कारण सांगणारी विधानेही याच वर्गातली आहेत. सांगलीच्या पुरात अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाटा किती, यावर महाराष्ट्रात आणि कर्नाटकात वर्षानुवर्षे वाद आहे. विसर्गाचा आकडा देताना तो कोणत्या राज्याच्या जलसंपदा विभागाने, किती वाजताचा म्हणून दिला ते वाक्यातच असावे, आणि ‘अलमट्टीमुळे पूर’ हे निवेदकाच्या तोंडी कधीही असू नये. ते कोणाचे तरी म्हणणे म्हणूनच जावे. हिंदीत विसर्ग लिहिला तर बहुतेकांना अक्षरापुढचे दोन ठिपके आठवतात; तिथे ‘बांध से छोड़ा जा रहा पानी’ असे सरळ लिहावे आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हे एकदा तरी सांगावे.

वेळेच्या हिशेबाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण तो आड येतोच. मराठीत ‘कोल्हापुरातल्या’ हा एक शब्द आहे, हिंदीत ‘कोल्हापुर के’ असे दोन होतात. त्यामुळे शब्द मोजून दोन्ही स्क्रिप्ट समान करू नयेत. मोठ्याने वाचून घड्याळ लावावे. हिंदी लांबली तर विशेषणे आणि नेत्यांच्या दौऱ्याची ओळ कापावी. तालुका, वेळ आणि ‘यांनी सांगितले’ हे कापायच्या यादीत कधीही नसावेत.

शेवटची गोष्ट आकडा खाली येण्याची. बेपत्ता म्हणून नोंदलेला माणूस नातेवाइकांकडे सुखरूप सापडतो, एकाच मृतदेहाची दोन ठिकाणी नोंद झालेली असते, आणि सकाळी बावीस सांगितलेले संध्याकाळी वीस होतात. नुसते वीस वाचून पुढे जाऊ नये. ‘सकाळी प्रशासनाने बावीस मृत्यूंची माहिती दिली होती, दोन नावांची दुबार नोंद झाल्याचे आढळल्याने हा आकडा आता वीस आहे’ असे दोन्ही भाषांत, त्याच बातमीत आणि शक्यतो पहिल्या तीन वाक्यांत सांगावे. सकाळचे मराठी आणि संध्याकाळचे हिंदी बघणारी घरे एकच असतात, त्यामुळे दुरुस्ती फक्त ज्या भाषेत चूक गेली त्याच भाषेत करून भागत नाही. नोंदीत जुना आकडा खोडू नये. त्याच्यापुढे नवा आकडा, वेळ आणि कारण लिहावे, म्हणजे रात्रपाळीला येणारा माणूस जुनी स्क्रिप्ट उघडून बावीस पुन्हा चढवणार नाही.